नेल स्टुडिओचं दरपत्रक: आधी मिनिटं, मग पैसे

नवा स्टुडिओ सुरू करणारी बरीच मंडळी दरपत्रक उलट्या बाजूने बनवतात. दुसऱ्या स्टुडिओचा एक्स्टेन्शनचा दर बघायचा, त्यातून थोडं कमी करायचं, रिपेअरला अंदाजाने काहीतरी लावायचं आणि रिमूव्हलपुढे 'नवीन सेट केल्यास मोफत' असं लिहून टाकायचं. मग टेबल दिवसभर भरलेलं असतं, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. गळती शोधायला गेलं की ती बहुधा रिपेअर आणि रिमूव्हलमध्येच सापडते. तिथे वेळ जातो, पण तो कुठे लिहिलेला नसतो.

मी ज्या पद्धतीने दर काढते ती इथे पायरीपायरीने देते. आकडे कोणत्याही चलनात नाहीत. नवशिक्या टेक्निशियनच्या एका मिनिटाला १ एकक धरलं आहे. तुमचं एकक तुमच्या चलनात किती, हे पायरी २ करताना तुम्हालाच कळेल. उदाहरण म्हणून मध्यम लांबीचा हार्ड जेलचा सेट घेतला आहे. अ‍ॅक्रिलिक असो की सॉफ्ट जेल टिप्स, रीत तीच, मिनिटं तेवढी बदलतील.

## सुरुवातीला जवळ काय हवं

- टप्प्याटप्प्याने वेळ नोंदवता येईल असं घड्याळ किंवा फोन
- ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा
- महिन्याच्या सगळ्या खर्चाची यादी, पगार वेगळे काढून
- गेल्या दोन-तीन महिन्यांची अपॉइंटमेंटची वही. स्टुडिओ अगदीच नवा असेल तर अंदाज धरा, पण तीन महिन्यांनी तो तपासा
- प्रत्येक क्लायंटचं कार्ड: कोणतं मटेरियल, कोणती तारीख, कोणी केलं, आधीच्या नखांचा फोटो

## १. कामाचे तुकडे पाडा आणि घड्याळ लावा

'सेटला दोन तास लागतात' हे वाक्य हिशेबाला उपयोगाचं नाही. तुकडे पाडून मोजा. मध्यम लांबीच्या हार्ड जेल सेटसाठी मी धरलेली वेळ अशी आहे: क्युटिकल, वरची चमक काढणं, डिहायड्रेटर आणि प्राइमर मिळून २० मिनिटं. फॉर्म किंवा टिप बसवायला १५. जेल लावणं, एपेक्स म्हणजे नखावरचा सर्वांत जाड उंचवटा बांधणं आणि लॅम्पखाली क्युर करणं ३५. फाइलिंग आणि आकार २५. टॉप कोट आणि तेल १०. झाली १०५ मिनिटं. यात आणखी १५ मिनिटं येतात ती क्लायंटला बसवणं, नखं बघून बोलणं, हात निर्जंतुक करणं, आणि ती गेल्यावर धूळ पुसून मेटलची अवजारं स्टरलायझेशनला लावणं यांची. एकूण १२०.

ही शेवटची १५ मिनिटं जवळपास सगळेच विसरतात. पुढे रिपेअरचा हिशेब करताना सगळा फरक त्यांच्यामुळेच पडतो, म्हणून ती वेगळ्या ओळीत लिहून ठेवा. मी त्यांना 'बैठकीची मिनिटं' म्हणते.

वेळ कोणाची मोजायची? स्टुडिओतल्या सर्वांत वेगवान हाताची नको आणि सर्वांत संथ हाताचीही नको. ज्या टेक्निशियनचं काम तुम्ही डोळे मिटून क्लायंटला द्याल, तिने घाई न करता केलेले दहा-बारा सेट मोजा आणि मधली वेळ धरा. ही झाली त्या कामाची ठरलेली वेळ. दरपत्रक नेहमी ठरलेल्या वेळेवर चालतं, त्या दिवशी प्रत्यक्षात किती वेळ गेला त्यावर नाही. हा मुद्दा इतका महत्त्वाचा का, ते पायरी ३ मध्ये येईलच.

## २. एका मिनिटाची किंमत काढा

इथे दोन खर्च वेगळे ठेवायचे. एक सामायिक: जागेचं भाडं, वीज, विमा, लॅम्प आणि ड्रिल मशीनची झीज, स्टरलायझेशन, बुकिंगचं सॉफ्टवेअर. दुसरा टेबलावर बसणाऱ्या व्यक्तीचा पगार. तुम्ही स्वतः नखं करत असाल तर तुमचाही पगार धरायचा. मालकीण फुकट काम करते असं गृहीत धरलेलं दरपत्रक पहिली टेक्निशियन नेमताच कोसळतं.

समजा दोन टेबलं आहेत, महिन्याला २५ दिवस, रोज ८ तास. एकूण २४,००० मिनिटं झाली. पण ती सगळी विकली जात नाहीत. मधले रिकामे अर्धे तास, आयत्या वेळी रद्द झालेल्या वेळा, जेवण, सामानाची मांडणी हे सगळं वजा जातं. साठ टक्के विकली गेली तरी १४,४०० मिनिटं उरतात. सामायिक खर्च महिन्याला ५,७६० एकक असेल तर विकलेल्या प्रत्येक मिनिटावर ०.४ एकक बसतं. हाच खर्च २४,००० ने भागलात तर उत्तर ०.२४ येतं. दरपत्रक छान स्वस्त दिसेल, पण सामायिक खर्चाचा चाळीस टक्के भाग तुम्ही खिशातून भराल.

पगाराचंही तसंच. एका टेबलावर महिन्याला ७,२०० मिनिटं विकली जातात. नवशिक्या टेक्निशियनचा पगार २,८८० एकक असेल तर मिनिटाला ०.४ पडतं. सामायिक ०.४ अधिक पगार ०.४ म्हणजे ०.८. त्यावर २५ टक्के कर, मोडतोड, सुट्ट्यांचे दिवस आणि नफा यांसाठी. उत्तर १. आपलं एकक ते हेच.

## ३. कौशल्याचे स्तर मिनिटाच्या दरात घाला, वेळेत नाही

तीन स्तर पुरतात: नवशिकी, अनुभवी आणि तज्ज्ञ. सामायिक खर्च तिघींनाही सारखाच ०.४ लागतो, कारण खुर्ची आणि वीज अनुभव बघत नाहीत. पगार मात्र ०.४, ०.६ आणि ०.८ असा चढत जातो. २५ टक्के मिळवल्यावर दर येतात १, १.२५ आणि १.५. म्हणजे पगार दुप्पट असला तरी दर दीडपटच होतो. 'तज्ज्ञ म्हणून दुप्पट' हा आकडा हवेतून आलेला असतो.

आता वेळेचा सापळा. नवशिकीला हाच सेट करायला १६५ मिनिटं लागतात आणि तज्ज्ञ तो ९५ मिनिटांत उरकते, असं समजा. मटेरियल दोघींचं १४ एकक. प्रत्यक्ष वेळेवर बिल केलं तर नवशिकीचा सेट १७९ एककांना पडेल आणि तज्ज्ञाचा साधारण १५७ ला. म्हणजे शिकाऊ हाताखाली पावणेतीन तास बसायचं आणि वर पैसेही जास्त मोजायचे! ठरलेल्या १२० मिनिटांवर काढा:

- नवशिकी: १२० × १ + १४ = १३४
- अनुभवी: १२० × १.२५ + १४ = १६४
- तज्ज्ञ: १२० × १.५ + १४ = १९४

नवशिकीची वरची ४५ मिनिटं हा स्टुडिओचा शिकवण्याचा खर्च आहे. तो क्लायंटच्या बिलात जात नाही, सामायिक खर्चात एक वेगळी ओळ म्हणून धरायचा. आणि तज्ज्ञाची वाचलेली २५ मिनिटं ही तिच्या हाताची कमाई आहे. त्या वेळेत ती एखादं रिपेअर घेऊ शकते.

स्तर बदलायचा कधी, हेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर तो दर महिन्याच्या वादाचा विषय होतो. माझा निकष दोन गोष्टींचा आहे: ठरलेल्या वेळेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेळ न लागणं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत लिफ्टिंगसाठी, म्हणजे एक्स्टेन्शन नखापासून सुटल्यामुळे, परत येणारी नखं कमी असणं. नुसत्या वेगावर बढती दिली तर प्रेपमध्ये काटछाट सुरू होते आणि त्याची किंमत रिपेअरच्या खात्यात निघते.

## ४. मटेरियल वजनावर मोजा

'एका डबीत किती सेट होतात' हे आठवून सांगणारी व्यक्ती चुकते, मीसुद्धा. सेटच्या आधी झाकणासकट डबी काट्यावर ठेवा, सेटनंतर पुन्हा ठेवा. पाच-सहा सेटांत सरासरी कळते. माझ्या उदाहरणात मध्यम लांबीला ४ ग्रॅम बिल्डर जेल जातं. ३० ग्रॅमची डबी ४५ एककांना असेल तर ग्रॅमला दीड, म्हणजे ६ एकक. फॉर्म २, फाइल आणि बफर २, बेस-प्राइमर-टॉप दीड, हातमोजे-वाइप्स-अल्कोहोल १.२. बेरीज १२.७. ब्रशला लागून आणि डबीच्या तळाशी वाया जाणाऱ्यासाठी दहा टक्के मिळवले की १४.

फाइल आणि बफर पूर्ण किमतीने का धरले? कारण साध्या फाइलच्या खरखरीत पृष्ठभागाचं स्टरलायझेशन नीट होत नाही. ती त्या क्लायंटपुरतीच. ड्रिलच्या सँडिंग बँडचंही तेच.

काट्याचा आणखी एक उपयोग आहे. कोणाच्या सेटला ४ ऐवजी ६ ग्रॅम जात असतील तर जेलचा खर्च हा त्यातला लहान भाग असतो. जास्तीचं जेल फाइल करून काढावं लागतं, म्हणजे तिची वेळ नेमकी कुठे जाते ते काटाच सांगतो.

लांबी वाढली की मटेरियल थोडं वाढतं, फाइलिंगचा वेळ बराच वाढतो आणि मोडण्याचा धोका त्याहून जास्त. बोटाच्या टोकापुढे आलेला भाग नखाच्या चिकटलेल्या भागापेक्षा लांब झाला की प्रत्येक धक्क्याला सगळा ताण एपेक्सपाशी येतो. म्हणून जास्त लांबीचा वेगळा दर लावाच, आणि त्या दराला मोफत रिपेअरची मुदत कमी ठेवा.

## ५. रिफिल: आठवड्यांवर दर

इथे थोडक्यात सांगते. हाताची नखं महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतात. दोन ते तीन आठवड्यांत क्युटिकलपाशी छोटी फट पडते, ती भरायची आणि आकार नीट करायचा: बैठकीसकट ८५ मिनिटं, मटेरियल ९. चौथ्या आठवड्यात एपेक्स इतका पुढे सरकलेला असतो की नुसतं भरून भागत नाही, तोल पुन्हा बांधावा लागतो: १०५ मिनिटं. पाच आठवडे उलटले किंवा चारपेक्षा जास्त नखांना लिफ्टिंग असेल तर रिफिल नाहीच, रिमूव्हल आणि नवीन सेट. हे दरपत्रकावर आठवड्यांसकट छापा. फोनवर 'रिफिलला किती?' विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना शेवटची तारीख आठवत नाही. कार्ड तिथेच कामाला येतं.

## ६. रिपेअर: सेट भागिले दहा करू नका

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो इथे. सर्रास वापरलं जाणारं सूत्र म्हणजे सेटच्या दराला दहाने भागायचं. अनुभवी हाताच्या १६४ एककांच्या सेटमधून एका नखाचे १६ येतात. पण एका नखासाठी आलेल्या क्लायंटलाही बसवावं लागतं, हात निर्जंतुक करावे लागतात, नवी फाइल उघडावी लागते, नंतर टेबल साफ करावं लागतं. बैठकीची १५ मिनिटं एका नखालाही तेवढीच लागतात. शिवाय तो रंग आणि आकार उरलेल्या नऊ नखांशी जुळवायचा असतो.

म्हणून रिपेअर दोन भागांत लिहा. बैठकीची १५ मिनिटं एकदाच, आणि प्रत्येक नखाची वेगळी मिनिटं:

- टोक तुटलं, लांबी कमी करून आकार दिला: ६ मिनिटं
- तडा गेला किंवा कोपरा उचलला गेला, तो भाग काढून पुन्हा बांधला: १२ मिनिटं
- अख्खं एक्स्टेन्शन निघालं, नवीन बांधलं: १८ मिनिटं

एक तडा: २७ मिनिटं, अनुभवी दराने ३४, मटेरियल ३, म्हणजे ३७ एकक. भागिले दहाच्या सूत्राने १६ घेतले असते. तीन तडे मात्र ५१ मिनिटांत होतात, मटेरियलसकट साधारण ७१ एकक. दुप्पटीहून कमीच पैशांत तीन नखं. क्लायंटला हे असं सांगितलं की पहिल्या नखाचा दर खटकत नाही. पाच तडे असतील तर ७५ मिनिटं होतात, म्हणजे रिफिलच्या जवळ पोचलात. रिफिलची वेळ जवळ आली असेल तर तेच सुचवा. रिफिलला आलेलीचं एखादं नख तुटलेलं असेल तर बैठकीची मिनिटं पुन्हा लावू नका, फक्त नखाची लावा.

आता पैसे घ्यायचे की नाही, हा प्रश्न. मी सात दिवसांत दोन नखांपर्यंतचं रिपेअर मोफत ठेवते, पण दोष कामाचा असेल तरच. तो ओळखता येतो. पैसे सांगण्याआधी नख नीट बघा:

एक्स्टेन्शन क्युटिकलच्या बाजूने उचललेलं आहे आणि खालचं नख गुळगुळीत, चमकदार दिसतंय? चमक नीट काढली गेली नव्हती किंवा ओलावा, तेल राहिलं होतं. दोष आपला, रिपेअर मोफत. जेलची कडा कातडीवर चढलेली आहे आणि तिथूनच सुटलंय? तेही आपलंच, आणि ते घाईचं लक्षण आहे. कातडीवर चढलेल्या, पुरतं क्युर न झालेल्या जेलमुळे अ‍ॅलर्जीचा धोका असतो, म्हणून अशा नखांची नोंद त्या टेक्निशियनच्या नावासह ठेवा. एक्स्टेन्शन मधूनच मोडलंय, खालचा थर नखाला घट्ट चिकटलेला आहे? तर बांधणी पातळ होती किंवा लांबी जास्त होती. लांबी क्लायंटने आग्रहाने घेतली असेल आणि कार्डावर तसं लिहिलं असेल तर पैसे घ्या. नसेल तर सोडा. आणि एक्स्टेन्शनबरोबर खऱ्या नखाचा पापुद्रा सुटून आला असेल, बोट दुखत असेल, तर बहुतेक वेळा दारात किंवा झाकणात अडकवून उपटलेलं असतं. हे सशुल्क रिपेअर, पण खालचं मांस उघडं पडलं असेल तर काहीही लावू नका. ते बरं होईपर्यंत थांबायला सांगा.

## ७. रिमूव्हल: मोफत कधीच नाही

मोफत रिमूव्हल हे आमिष म्हणून ठीक वाटतं. पण ज्या कामाचे पैसे नाहीत, ते काम कोणतीही टेक्निशियन उरकायला बघते. अ‍ॅसिटोन पुरता मुरण्याआधी पुशर घालून उचकटायचं, नाहीतर ड्रिल खऱ्या नखापर्यंत न्यायचं. खऱ्या नखाचे वरचे थर जातात, नख पातळ होतं, त्यावर बांधलेला नवा सेट आठवड्यात सुटतो, आणि ते रिपेअर पुन्हा मोफत करावं लागतं.

रिमूव्हलचा दर मटेरियलवर अवलंबून असतो, म्हणून दर सांगण्याआधी समोर काय आहे ते ओळखा. टॉप कोट फाइल करून एका नखावर अ‍ॅसिटोनचा बोळा काही मिनिटं धरा. पृष्ठभाग मऊ, चिकट झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा सॉफ्ट जेल आहे. काहीच फरक पडला नाही तर बहुधा हार्ड जेल.

सॉफ्ट जेल: वरचा थर फाइल करून १० ते १५ मिनिटं अ‍ॅसिटोनमध्ये मुरवायचं. बैठकीसकट ४० मिनिटं. अ‍ॅक्रिलिकला २० ते ३० मिनिटं मुरावं लागतं, एकूण ५५. मुरत असताना आपण रिकाम्या असतो म्हणून ती वेळ धरू नये, असं काहींचं मत आहे. मला ते पटत नाही. एक हात गुंडाळून दुसरा गुंडाळेपर्यंत पहिला तपासायला येतो. टेबल अडकलेलं असतं ते असतंच. हार्ड जेल अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. ते फाइल करूनच काढायचं, आणि नखावर एक पातळ थर राहू द्यायचा, तो वाढीबरोबर पुढे जातो. तेही ५५ मिनिटं, पण हे काम नवशिकीला देऊ नका. ड्रिलखाली जेल कुठे संपतं आणि नख कुठे सुरू होतं हे कळायला सराव लागतो. म्हणून माझ्या दरपत्रकावर हार्ड जेल रिमूव्हलला नवशिकीचा रकानाच नाही.

त्याच भेटीत नवीन सेट करायचा असेल तर बैठकीची १५ आणि शेवटच्या तेल-मालिशची ५ मिनिटं वजा करा. सॉफ्ट जेल २० आणि बाकी दोन्ही ३५ मिनिटं. ही सवलत मनापासून देता येते, कारण तेवढी वेळ खरोखर वाचते.

दुसऱ्या स्टुडिओतलं काम काढायचं असेल तर १५ मिनिटं वाढवा. त्यात काय वापरलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. अर्धा तास मुरवूनही अ‍ॅक्रिलिक दगडासारखंच राहिलं, फाइलला दाद देईना आणि वास तिखट आला, तर ते एमएमए, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, मोनोमरचं असण्याची शक्यता धरा. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच त्याविरुद्ध पावलं उचलली होती, तरी स्वस्त मालात ते अजूनही आढळतं. अशा वेळी थांबून क्लायंटला वाढीव वेळ सांगा आणि हो म्हटल्यावरच पुढे जा. काम संपल्यावर सांगितलेल्या वाढीव पैशांचं भांडणच होतं.

काढल्यावर खाली हिरवट डाग दिसला तर तो बहुधा ओलाव्यात वाढलेल्या जिवाणूंचा असतो. त्या नखावर त्या दिवशी काहीच बांधायचं नाही. पैसे फक्त रिमूव्हलचे घ्या, डॉक्टरांना दाखवायला सांगा, वापरलेली फाइल टाकून द्या. 'वरून झाकून द्या ना' ही विनंती येईलच. नाही म्हणा.

## ८. एक पूर्ण हिशेब

क्लायंट पहिल्यांदाच आली आहे. महिन्यापूर्वी दुसरीकडे केलेलं अ‍ॅक्रिलिक, तीन नखं तुटलेली, एकाला लिफ्टिंग. तिला मध्यम लांबीचा हार्ड जेल सेट हवा आहे, अनुभवी टेक्निशियनकडून. चाचणीच्या बोळ्याखाली पृष्ठभाग मऊ झाला.

तुटलेल्या तीन नखांचं रिपेअर लावायचं नाही. जे काढायचंच आहे त्याची दुरुस्ती कसली? तरी ही ओळ बिलात घालणारे स्टुडिओ मी पाहिले आहेत. नवीन सेटबरोबर अ‍ॅक्रिलिक रिमूव्हल ३५, दुसऱ्या स्टुडिओचं म्हणून १५, सेट १२०. एकूण १७० मिनिटं. १.२५ ने २१२.५. मटेरियल सेटचं १४ आणि अ‍ॅसिटोन, कापूस, फॉइलचे ४. एकूण २३०.५, म्हणजे २३१.

तिला हे जास्त वाटलं तर दर कमी करू नका, काम वाटा. मुरवून निघणारं अ‍ॅक्रिलिक नवशिकी काढू शकते: ५० मिनिटं × १ = ५०. सेट अनुभवी हाताचा १५०. मटेरियल १८. एकूण २१८. कोणाचंही नुकसान न होता १३ एकक वाचले. 'रिमूव्हल मोफत' लिहिलेलं असतं तर याच कामाचे १६४ मिळाले असते आणि ५० मिनिटं हवेत गेली असती.

नवव्या दिवशी ती परत येते, एक नख मधून तडकलंय. मोफत मुदत संपली आहे, तरी नख बघा. खालचा थर घट्ट, लांबी मध्यमच, पण एपेक्स चपटा. दिवस नियमाबाहेर गेले असले तरी हा दोष बांधणीचा आहे. मी असं रिपेअर मोफत करते आणि ते ३७ एकक टेक्निशियनच्या नोंदीत लिहिते, क्लायंटच्या बिलात नाही. धक्का बसून तुटलं असतं तर ३७ घेतले असते.

## ९. दरपत्रकावर काय लिहायचं

एक्स्टेन्शन, रिफिल, रिपेअर, रिमूव्हल असे चार भाग आणि शेजारी स्तरांचे तीन रकाने. नेल आर्टचा दर नखामागे, त्याच्या मिनिटांवरच. दराशेजारी '…पासून पुढे' असं लिहायचा मोह टाळा. क्लायंट तोच आकडा लक्षात ठेवते आणि बिल बघून दुखावते. त्याऐवजी लांबीच्या तीन पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीचा निश्चित आकडा द्या. आकडे पूर्णांकात आणा, पण नेहमी वरच्या बाजूला. हिशेब करताना पकडलेले अर्धे एकक छपाईत सोडून देऊ नका.

मोफत रिपेअरची मुदत, किती नखं आणि कोणत्या दोषासाठी, हे दरपत्रकावर छापा आणि पहिल्या भेटीत कार्डावर क्लायंटची सही घ्या. लांबीचा आग्रह, आधीच्या नखांची अवस्था, फोटो, सगळं त्याच कार्डावर.

दर तीन महिन्यांनी फक्त दोन आकडे पुन्हा काढा: विकलेली मिनिटं आणि जेलचा ग्रॅमचा भाव. विकलेली मिनिटं साठवरून पन्नास टक्क्यांवर आली तर सामायिक खर्चाचा वाटा ०.४ वरून ०.४८ होतो. अशा वेळी दर वाढवण्याआधी अपॉइंटमेंटच्या वहीत भोकं कुठे पडली आहेत ते बघा. बहुतेक वेळा दोन सेटांच्या मध्ये अडकलेले तीस-तीस मिनिटांचे तुकडे सापडतात, आणि तिथे एका नखाचं रिपेअर बरोबर बसतं.